०.५ मोठी की ०.४५?

०.५ आणि ०.४५ यांतली मोठी संख्या कोणती, असं दशांश अपूर्णांक नुकतेच शिकलेल्या मुलांना विचारलं, तर बरीच जण बेधडक ०.४५ सांगतात. का, तर पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. उत्तर चुकलं, पण विचार अगदीच वेडगळ नाही. पहिलीपासून त्यांना हाच नियम उपयोगी पडत आला आहे: जितके अंक जास्त, तितकी संख्या मोठी. हा नियम दशांश चिन्हाच्या उजवीकडे का मोडतो हे न सांगता नुसती फुली मारली, तर पुढच्या वेळी मूल तीच चूक करणार.

आधी पूर्ण संख्येत काय होतं ते पाहा. ४ लिहिला, तो एककाच्या घरात आहे. त्याच्या पुढे ५ लिहिला की ४ एक घर डावीकडे ढकलला जातो आणि दशकाचा होतो. चाराचे एकदम चाळीस झाले. लांबी वाढली की किंमत वाढते ती या ढकलाढकलीमुळे.

आता ०.४ च्या पुढे ५ लिहा. ४ जागचा हलत नाही. दशांश चिन्ह ही ठोकलेली खुंटी आहे. तिच्या लगेच उजवीकडचं घर दशांशाचं, त्यापुढचं शतांशाचं, त्यापुढचं सहस्रांशाचं. मागून कितीही अंक आले तरी ही घरं बदलत नाहीत. त्यामुळे ०.४५ मधला ४ हा चार दशांशच राहतो आणि नव्या ५ मुळे त्यात फक्त पाच शतांशांची भर पडते. ०.५ मध्ये मात्र दशांशाच्याच घरात ५ आहे.

हे डोळ्यांनी पाहायचं तर चौकटींच्या वहीत १० बाय १० चा चौरस आखा. पूर्ण चौरस म्हणजे १. एक उभी पट्टी, म्हणजे १० चौकटी, हा एक दशांश आणि एक सुटी चौकट हा एक शतांश. ०.५ साठी पाच पट्ट्या रंगवा: ५० चौकटी. ०.४५ साठी चार पट्ट्या पूर्ण आणि पाचवीतल्या पाच चौकटी: ४५. पाचवी पट्टी अर्धी कोरी राहिली. पट्टी पूर्ण व्हायला एकूण दहा चौकटी लागतात, पण शतांशाच्या घरात ९ पेक्षा मोठा अंक बसतच नाही. दहा झाल्या की त्यांची एक पट्टी होते आणि दशांशाचा अंक ५ होतो. म्हणजे ०.४९ केलं तरी एक चौकट कोरी. त्या चौकटीचे दहा तुकडे करून नऊ रंगवले, ०.४९९ झालं, तरी एक तुकडा कोरा. ०.४ ने सुरू होणारी संख्या कितीही लांबवा. अंक कुठेतरी थांबत असतील तर ती ०.५ ला गाठत नाही. (९ कधीच संपले नाहीत तर ती संख्या ०.५ च होते, पण ते प्रकरण वरच्या वर्गांचं.)

म्हणून तुलना डावीकडून करायची. आधी चिन्हापूर्वीचा पूर्णांक भाग पाहा, दोन्हीकडे शून्य. मग दशांशाचं घर: ५ आणि ४. फरक सापडला, निकाल लागला, पुढचे अंक पाहायचंही कारण नाही. दशांशाचे अंक सारखे निघाले तरच शतांशाकडे जायचं.

शेवटी शून्य जोडून ०.५ चं ०.५० करायचं आणि ०.४५ शी ताडून पाहायचं, ही युक्तीही बरोबर आहे. शून्य जोडल्याने एकही चौकट वाढत नाही. फक्त शून्य शेवटीच हवं, ०.०५ लिहिलं तर ५ दशांशातून शतांशात घसरतो आणि पन्नास चौकटींच्या पाच होतात. पण ही युक्ती सुरुवातीलाच शिकवू नये. मूल चिन्ह विसरून ५० आणि ४५ ताडतं, उत्तर बरोबर येतं आणि मूळ गैरसमज तसाच राहतो. तो वजाबाकीत बाहेर येतो. ०.५ − ०.४५ उभ्या मांडणीत लिहिताना मूल उजव्या कडा जुळवतं, पाचाखाली पाच येतो आणि उत्तर काहीतरी ०.४० सारखं निघतं. चिन्हाखाली चिन्ह ठेवलं तर वरच्या पाचापुढची मोकळी जागा दिसते, तिथे शून्य का हवं ते कळतं, आणि ०.०५ येतं.

एक बरोबर उत्तर ऐकून मात्र फसू नका. काही मुलं ०.५ मोठी सांगतात ती भलत्याच कारणाने: शतांश हा दशांशाहून बारीक तुकडा, म्हणून लांब संख्या लहान. त्यांना ०.४ आणि ०.४५ द्या, ती ०.४ मोठी म्हणतील. मग ०.५ आणि ०.५० द्या. ‘लांब ती मोठी’वाला ०.५० सांगेल, ‘लांब ती लहान’वाला ०.५, आणि ज्याला समजलं आहे तो दोन्ही सारख्या म्हणेल.

गोंधळाला आपलं वाचणंही खतपाणी घालतं. ‘पॉइंट पंचेचाळीस’ म्हटलं की कानावर पंचेचाळीसच पडतात. ‘शून्य पूर्णांक पंचेचाळीस शतांश’ म्हटलं तर तुकडा केवढा तेही ऐकू येतं. निदान ‘पॉइंट चार पाच’ म्हणावं. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तिथे दोन्ही वजनं चिन्हापुढे तीन अंकांत दिसतात: 0.500 आणि 0.450. अर्धा किलो, आणि अर्ध्या किलोला पन्नास ग्रॅम कमी.

शिवाय टिंब दिसलं की ते दशांश चिन्हच असतं असं नाही. क्रिकेटमध्ये ४.५ षटकं म्हणजे चार षटकं आणि पाच चेंडू. पुढच्या वैध चेंडूला षटक संपतं आणि आकडा ५ होतो. पुस्तकात २.९ नंतर २.१० हा भाग येतो. लग्नपत्रिकेत मुहूर्त ११.४५ असा छापतात, तो पावणेबाराचा, म्हणजे साडेअकरानंतरचा. तेच दशांशात वाचलं तर ११.५ तास म्हणजे साडेअकरा, आणि ११.४५ तास म्हणजे अकरा वाजून सत्तावीस मिनिटं, साडेअकराच्या तीन मिनिटं आधी.