QUARTILE.INC की QUARTILE.EXC: वहीतला Q1 आणि एक्सेलमधला Q1 जुळत का नाही

अकरावीच्या पुस्तकातल्या सूत्राने चतुर्थक काढायचं, मग खात्री करायला तेच आकडे एक्सेलमध्ये टाकायचे, आणि उत्तर जुळत नाही. मग पोरं तीन-तीनदा बेरजा तपासत बसतात, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं की एक्सेल चुकतंय किंवा पुस्तक जुनं झालंय. दोन्ही खोटं. दोघांनी वेगवेगळा प्रश्न सोडवलाय, फक्त दोन्ही प्रश्नांना नाव एकच आहे, Q1, म्हणजे पहिला चतुर्थक, ज्याच्या खाली साधारण पाव आकडे येतात.

सरळ उदाहरणच घेऊ. एका जेवणाच्या ऑर्डरवाल्याच्या दहा डिलिव्हरींना लागलेली मिनिटं, चढत्या क्रमाने लावून:

१२, १५, १८, २२, २५, २७, ३१, ३४, ४०, ६०

(चढत्या क्रमाने लावणं ही पायरी खूप जण खातात. एक्सेल स्वतःच आतल्या आत क्रम लावून घेतं, वही घेत नाही, त्यामुळे उत्तर खूपच लांब गेलं असेल तर आधी इथे बघा.)

आपल्या पुस्तकातलं सूत्र म्हणजे Q1 हे `(n+1)/4` व्या क्रमांकाचं मूल्य. n दहा, म्हणजे ११ भागिले ४, २.७५. आता हे २.७५ म्हणजे उत्तर नव्हे, तो क्रमांक आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मधली जागा. दुसरा आकडा १५, तिसरा १८, मधलं अंतर ३. त्या अंतराचा ०.७५ भाग म्हणजे २.२५, तो १५ मध्ये मिळवला की १७.२५. Q3 साठी तिप्पट क्रमांक, ८.२५. आठवा ३४, नववा ४०, अंतर ६, त्याचा पाव भाग १.५, म्हणून ३५.५. इथे नेहमीची चूक म्हणजे २.७५ ला सरळ ३ धरून १८ लिहून मोकळं होणं. आणि दुसरी, अखंडित श्रेणीच्या सूत्रातलं n/4 उचलून या सुट्या आकड्यांना लावणं, ते वर्गांतराच्या तक्त्यासाठी आहे, इथलं नाही.

आता एक्सेल. नुसतं QUARTILE लिहिलं किंवा QUARTILE.INC लिहिलं तर दोन्ही एकच आहे, जुनं नाव फक्त जुन्या फाइली चालाव्यात म्हणून ठेवलंय. ते क्रमांक काढतं `1+(n-1)/4` असा. म्हणजे १ अधिक ९ भागिले ४, ३.२५. तिसरा १८, चौथा २२, अंतराचा पाव भाग १, Q1 आला १९. Q3 चा क्रमांक ७.७५, सातवा ३१, आठवा ३४, म्हणून ३३.२५. आणि २०१० च्या एक्सेलपासून QUARTILE.EXC पण आहे, ते मात्र बरोब्बर पुस्तकातलं `(n+1)` वालं सूत्र वापरतं.

```
=QUARTILE.INC(A1:A10,1)   → 19
=QUARTILE.EXC(A1:A10,1)   → 17.25
```

म्हणजे वही जुळवायची असेल तर EXC, एवढं कळलं तरी निम्म्या लोकांचं काम होईल. पण हे दोन वेगळे का हे बघण्यात खरी मजा आहे.

INC चं म्हणणं असं, की माझ्याकडे हे दहाच आकडे आहेत, यातला सगळ्यात लहान म्हणजे ० टक्के आणि सगळ्यात मोठा म्हणजे १०० टक्के. दहा खांब रोवले की मधे नऊ गाळे पडतात, त्या नऊ गाळ्यांचे चार सारखे भाग करा, म्हणून n-1. EXC चं म्हणणं वेगळं. हे दहा आकडे म्हणजे काही सगळ्या डिलिव्हरी नव्हेत, हाती लागलेला नमुना आहे, १२ मिनिटांपेक्षा लवकर पोहोचलेली आणि ६० पेक्षा उशिरा पोहोचलेली डिलिव्हरी बाहेर कुठेतरी असणारच. मग पहिल्या खांबाच्या अलीकडे एक गाळा आणि शेवटच्याच्या पलीकडे एक, एकूण अकरा, म्हणून n+1. दोन्ही विचार बरोबर आहेत. कुठला लावायचा ते तुमच्याकडे सगळेच आकडे आहेत की थोडे उचललेले आहेत यावर ठरवायला हवं, प्रत्यक्षात मात्र ते कुठलं फंक्शन आधी टाइप झालं यावर ठरतं.

आणि या दोघांच्या मधे तिसरा एक आहे, तो शाळेत हाताने करायला सगळ्यात सोपा. यादीचे मध्यावरून दोन भाग करायचे, खालच्या भागाचा मध्यक म्हणजे Q1, वरच्याचा मध्यक म्हणजे Q3. आपल्या यादीत खालचे पाच १२, १५, १८, २२, २५, मधला १८. वरच्या पाचातला मधला ३४. म्हणजे Q1 साठी तीन उत्तरं झाली, १७.२५, १८ आणि १९. मध्यक मात्र तिन्हीकडे २६ च.

n सम असेल तर ही निम्मे करण्याची पद्धत नेमकी मधोमध पडते, क्रमांक `(n+2)/4`. एकाचा n+1, दुसऱ्याचा n+2, तिसऱ्याचा n+3 (कारण `1+(n-1)/4` सोडवलं की `(n+3)/4` च होतं). n विषम असला की नवीन वाद, मधला आकडा कोणत्याच भागात घ्यायचा नाही की दोन्हीकडे घ्यायचा. ६० काढून टाका, नऊ आकडे राहतात, मध्यक २५. तो वगळला तर खाली १२, १५, १८, २२, Q1 आला १६.५. तो धरला तर खाली पाच आकडे, Q1 आला १८. आता यातलं १६.५ हे EXC चं उत्तर आहे आणि १८ हे INC चं, आणि हा योगायोग नाही, n विषम असेल तेव्हा दर वेळी असंच होतं. अमेरिकेतल्या शाळांत चालणारे टीआय कंपनीचे कॅल्क्युलेटर मधला आकडा वगळतात, संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकींची पद्धत तो दोन्हीकडे धरते. म्हणजे भांडणं वेगवेगळी दिसतात पण मुळात एकच आहे.

आता कोणी म्हणेल, १७.२५ काय आणि १९ काय, पावणेदोन मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय. बिघडतं. Q3 वजा Q1 करा. EXC ने १८.२५, निम्मे करून १६, INC ने १४.२५. मग बॉक्स प्लॉटसाठी टुकींचा दीडपटीचा नियम लावा, Q3 मध्ये या फरकाची दीडपट मिळवायची आणि त्याच्या वरचं सगळं आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फटकून पडलेला आकडा. EXC ची वरची हद्द ६२.८७५ वर जाते, निम्मे करण्याची ५८ वर, INC ची ५४.६२५ वर. आता आपली ती ६० मिनिटांची डिलिव्हरी बघा! EXC वाल्याला ती साधी उशिराची ऑर्डर, बाकीच्या दोघांना आउटलायर. एका रिपोर्टमध्ये ठिपका दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही, आणि डेटा तोच.

पर्सेंटाइलला तर अजून गंमत. नव्वदावा शतमक काढू. EXC चा क्रमांक ११ गुणिले ०.९, म्हणजे ९.९, नवव्या ४० पासून दहाव्या ६० कडे ०.९ भाग, उत्तर ५८. INC चा क्रमांक १ अधिक ९ गुणिले ०.९, म्हणजे ९.१, उत्तर ४२. अठ्ठावन्न आणि बेचाळीस! "दहातल्या नऊ ऑर्डर एवढ्या वेळात पोहोचतात" असं जाहिरातीत लिहायचं असेल तर कुठलं फंक्शन आवडेल हे सांगायला नको. असं का होतं ते क्रमांकांची वजाबाकी केली की दिसतं. p हा पाव, नऊदशांश असा अपूर्णांक धरला तर दोन सूत्रांतला फरक येतो `1-2p`. मध्यकाला शून्य, चतुर्थकांना अर्धी जागा, नव्वदाव्याला ०.८ जागा, आणि टोकाकडे जाल तसा जवळजवळ एक अख्खी जागा. म्हणजे फरक एका जागेच्या पुढे कधीच जात नाही, n दहा असो की दहा हजार. दहा हजारात शेजारचे आकडे बहुतेक चिकटून असतात म्हणून ती एक जागा जाणवत नाही, दहात ४० आणि ६० मधे एवढी दरी असली की तीच जागा सगळं उलटंपालटं करते. म्हणून लहान डेटावर नव्वदावा, पंच्याण्णवावा वगैरे काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे, काढलाच तर पद्धत शेजारी लिहा. पंच्याण्णवावा EXC ने मागून बघा, क्रमांक येतो १०.४५, आपल्याकडे आकडे दहाच, एक्सेल सरळ `#NUM!` देतं. लोक याला एरर म्हणून वैतागतात, मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. INC त्याच जागी निमूटपणे ५१ देऊन टाकतं.

एक वेगळीच गोष्ट यात मिसळू नका, सीईटीच्या निकालावरचं पर्सेंटाइल. तिथे मार्क माहीत असतात आणि तुमच्याइतके किंवा कमी मार्कवाले किती टक्के ते काढतात. आपण इथे टक्के धरून मूल्य शोधतोय, दिशा उलटी आहे.

बाकी सॉफ्टवेअरमध्येही एकमत नाही. नमपाय आणि पांडास न सांगता INC वालं उत्तर देतात, पण पायथनच्याच स्वतःच्या statistics मॉड्यूलचा डिफॉल्ट EXC वाला आहे, म्हणजे एकाच भाषेत, एकाच स्क्रीनवर:

```
import numpy as np, statistics
d = [12,15,18,22,25,27,31,34,40,60]
np.percentile(d, 25)         # 19.0
statistics.quantiles(d, n=4) # [17.25, 26.0, 35.5]
```

मिनिटॅब आणि एसपीएसएस n+1 च्या बाजूला. रॉब हाइंडमन आणि यानान फॅन यांनी १९९६ मध्ये अशा सगळ्या व्याख्या एकत्र मांडल्या तेव्हा नऊ निघाल्या, आणि R च्या quantile मध्ये त्या type 1 ते 9 अशा नंबरानेच मागता येतात. INC म्हणजे तिथला 7, तोच R चा डिफॉल्ट, आणि EXC म्हणजे 6.

एखादं अनोळखी सॉफ्टवेअर किंवा कॅल्क्युलेटर कुठल्या बाजूचं आहे हे ओळखायला मॅन्युअल शोधत बसू नका. त्यात १, २, ३, ४ एवढेच चार आकडे टाका आणि Q1 मागा. इथे मूल्य आणि क्रमांक एकच असल्यामुळे जे उत्तर येईल तोच त्याने वापरलेला क्रमांक. १.२५ आलं तर n+1 वाला, १.७५ आलं तर n-1 वाला, १.५ आलं तर निम्मे करणारा किंवा त्याचा कोणी भाऊबंद, आणि नुसता १ आला तर तो बहुधा दोन आकड्यांच्या मधे जातच नाही, यादीतलाच एक आकडा उचलतो.