फोटोतला आरएलसी सर्किट अन् त्यामागची १८९३ ची युक्ती

नागपूरच्या फर्स्ट इयरच्या पोरांच्या ग्रुपवर परवा असाच एक फोटो फिरत होता, वहीचं पान, थोडं तिरपं: सिरीजमध्ये ३० ओहमचा रेझिस्टर, ०.२ हेन्रीचा इंडक्टर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अन् सोर्सवर लिहिलेलं v = 325 sin 314t. खाली एकच ओळ, "भाऊ, Z, I अन् फेज अँगल सांग ना बे".

आता दोन मिनिटांत होते हे, पण १८९० च्या आधी याच सर्किटसाठी डिफरन्शियल इक्वेशन मांडावं लागे, नाहीतर पट्टी-कोनमापकानं आकृती काढत बसा. एसी तर झपाट्यानं पसरत होती, सर्किटं मोठी होत होती, दरवेळी इतकं गणित कोण करणार. फोटोतला Z म्हणजे इम्पीडन्स, सर्किटचा एसीला होणारा एकूण अडथळा; हा शब्द हेविसाइडनं १८८६ मध्येच वापरला होता, १८९३ मध्ये केनेलीनं त्याला कॉम्प्लेक्स नंबरचं रूप दिलं अन् त्याच वर्षी शिकागोच्या इंटरनॅशनल इलेक्ट्रिकल काँग्रेसमध्ये स्टाइनमेट्झनं पूर्ण पद्धतच मांडली.

युक्ती एवढीच की साइनचं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर त्याच फ्रिक्वेन्सीची साइन मिळते, फक्त ω पट, म्हणजे इथं ३१४ पट, होते अन् ९० अंश पुढे सरकते. म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या जागी jω नं गुणा, झालं! j म्हणजे −१ चं वर्गमूळ, गणितातला i; ते अक्षर करंटला आधीच गेलेलं म्हणून इथं j.

मग आपल्या फोटोत इंडक्टरचा jωL म्हणजे j62.8, कपॅसिटरचा 1/jωC म्हणजे −j31.8, बेरीज Z = 30 + j31. त्याची लांबी ४३.१ ओहम, कोन साधारण ४६ अंश. ३२५ हा पीक आहे, आरएमएस २३० व्होल्ट, म्हणून करंट ५.३ अँपिअर अन् तो व्होल्टेजच्या ४६ अंश मागे, कारण इंडक्टरची बाजू भारी आहे.

इथं फोटोमुळं खरा घोळ होतो तो µ चा. शेपटी पुसट दिसली अन् मिली वाचलं की कपॅसिटर जवळजवळ गायबच, करंट ३.३ वर येतो अन् कोन ६४ च्या पुढं जातो, आणि उत्तर तरी दिसायला ठीकच वाटते. १०० मिलीफॅरड म्हणजे एक लाख मायक्रोफॅरड, पंख्याच्या कपॅसिटरवर दोन-चार मायक्रोफॅरड असतात, एवढं आठवलं तरी शंका यायला पाहिजे.

दुसरी गोष्ट पोरं हमखास विचारतात, इंडक्टरवर ३३५ व्होल्ट कसे, सोर्स तर २३० चाच? कपॅसिटरवर १७० आहेत अन् ते बरोबर उलट दिशेला, उरले १६५, रेझिस्टरवरचे १६० त्यांना काटकोनात, म्हणजे १६० चा वर्ग अधिक १६५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ परत २३०. नुसती बेरीज केली तर ६६५ येतात, तिथंच गडबडतात सगळे.

पण हे सगळं सर्किट स्थिरावल्यावरचं. स्विच टाकल्यावरचे पहिले तीन-चार सायकल यात येतच नाहीत, त्यांच्यासाठी ते जुनं डिफरन्शियल इक्वेशनच सोडवावं लागते.