सेंट्रॉईड पोटाकडे, शिअर सेंटर पाठीकडे

मागच्या उन्हाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पाइपलाइनचे ब्रॅकेट बघायला गेलो होतो. 5 मिमी प्लेट वाकवून केलेला चॅनेल, एक मीटर बाहेर काढलेला, एक टोक कॉलमला वेल्ड केलेलं. मोकळ्या टोकाला साधारण 200 किलोचा भार. चॅनेल खाली वाकला होता, ते ठीकच. पण वरच्या फ्लँजवर आडवी लेव्हल ठेवली तर बुडबुडा सरळ एका बाजूला जाऊन बसला. चॅनेल वाकण्यापेक्षा पिळलाच जास्त होता. डिझाइन करणाऱ्या मुलाने मला ड्रॉइंग दाखवलं आणि म्हणाला, "सर, मी तर भार बरोबर सेंट्रॉईडमध्ये दिलाय."

हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरकडून, डिप्लोमाच्या मुलांकडून, कधी कधी डिग्रीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडूनही. म्हणून आज सेंट्रॉईड आणि शिअर सेंटर हे दोन बिंदू शेजारी शेजारी ठेवून लिहितो.

सेंट्रॉईड तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. तो क्षेत्रफळाचा मध्य. स्टील टेबलमध्ये चॅनेलसमोर त्याचं अंतर छापलेलं असतं. सेंट्रॉईडमधून लांबीच्या दिशेने ओढलं तर चॅनेल वाकत नाही, सरळ ताणला जातो. त्याचं काम तिथे संपलं. लांबीला काटकोनात भार दिल्यावर चॅनेल पिळेल की नाही, याचं उत्तर सेंट्रॉईडकडे नाही. ते शिअर सेंटरकडे आहे: भार त्या बिंदूतून गेला तर चॅनेल नुसता वाकतो, पिळत नाही. दोन्ही बिंदू सममितीच्या आडव्या रेषेवरच असतात, आणि आय सेक्शनमध्ये तर एकाच जागी येतात. गोंधळाचं मूळ तेच असावं. आय सेक्शनवर शिकलेली सवय चॅनेलवर तशीच वापरली जाते.

पुढे सोयीसाठी चॅनेलच्या उघड्या बाजूला पोट म्हणतो आणि वेबच्या बाहेरच्या सपाट बाजूला पाठ. आमचंच ब्रॅकेट घेऊ. जाडीच्या मध्यरेषेवर मोजून वेबची उंची 100 मिमी, प्रत्येक फ्लँज 50 मिमी, जाडी सगळीकडे 5. भार 2 kN. I येतो साधारण 16.67 लाख मिमी⁴. सेंट्रॉईड वेबच्या मध्यरेषेपासून 12.5 मिमी, पोटाकडे.

आता शिअर फ्लो. पहिली अडचण इथेच येते. भार उभा आहे, मग आडव्या फ्लँजमध्ये शिअर येईलच कशाला, असं वाटतं. चॅनेलची लांबी एक मिलिमीटर पुढे सरकली की बेंडिंग मोमेंट 2000 N·mm ने बदलतो. त्यामुळे वरच्या फ्लँजमधला ताण 0.06 MPa ने बदलतो, आणि फ्लँजचं क्षेत्रफळ 250 मिमी² असल्याने त्या एका मिलिमीटरच्या तुकड्याच्या दोन तोंडांवरच्या ओढीत 15 N चा फरक पडतो. हा 15 N कुणीतरी धरायला हवा, नाहीतर फ्लँजचा तुकडा निघून जाईल. तो धरतो वेबशी जिथे जोड आहे तो कोपरा. लांबीच्या दिशेने जेवढा शिअर, तेवढाच काटछेदाच्या प्रतलातही, म्हणून कोपऱ्यावर शिअर फ्लो 15 N/mm, फ्लँजच्या दिशेने वाहणारा. फ्लँजच्या मोकळ्या कडेला तो शून्य, कारण तिथे धरायला काहीच उरत नाही. मधे सरळ रेषेत वाढत जातो. हेच `q = VQ/I` सांगतं, पण सूत्र पाठ असून फ्लँजमध्ये शून्य लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत.

म्हणजे प्रत्येक फ्लँजमध्ये सरासरी 7.5 गुणिले 50, एकूण 375 N आडवं बल. वेबमध्ये कोपऱ्यावर 15, मध्यावर 22.5, आणि वेबची सगळी बेरीज केली की बरोबर 2000 N. सगळा उभा भार वेबच घेतं. फ्लँजची दोन बलं एकमेकांच्या उलट दिशेला, त्यामुळे आडवी बेरीज शून्य. पण त्यांच्यामध्ये 100 मिमी अंतर आहे, म्हणून 37,500 N·mm चं युगुल उरतं. आणि 37,500 भागिले 2000 म्हणजे 18.75 मिमी, हेच शिअर सेंटरचं वेबच्या मध्यरेषेपासूनचं अंतर, e.

इथवर बरेच जण पोहोचतात. पुढे हे 18.75 वेबच्या कोणत्या बाजूला मोजायचे, तिथे निम्मे घसरतात. माझी सगळी तक्रार याच एका पायरीबद्दल आहे, म्हणून इथे थांबतो.

चॅनेल असा धरा की पोट तुमच्या उजव्या हाताला. भिंतीला जोडलेल्या भागाच्या कापलेल्या तोंडाकडे बघा. तिथे शिअर खाली. वेबमध्ये प्रवाह वरून खाली वाहतो. प्रवाह अखंड असतो, नळातल्या पाण्यासारखा, म्हणून वरच्या फ्लँजमध्ये तो मोकळ्या कडेकडून वेबकडे, म्हणजे डावीकडे, आणि खालच्या फ्लँजमध्ये वेबकडून मोकळ्या कडेकडे, म्हणजे उजवीकडे. वर डावीकडे, खाली उजवीकडे: हे युगुल घड्याळाच्या उलट दिशेचं.

आता मूल काय करतं? मनात म्हणतं, "हे युगुल घड्याळाच्या उलट, मग समतोलासाठी भाराचा मोमेंट घड्याळाच्या दिशेने हवा." खाली जाणारं बल वेबच्या उजवीकडे ठेवलं की घड्याळाच्या दिशेने मोमेंट मिळतो. म्हणून e उजवीकडे, पोटात. तिथे सेंट्रॉईडही असतो, त्यामुळे उत्तर ओळखीचं वाटतं आणि पेन्सिल खाली ठेवली जाते.

चूक समतोल या शब्दात आहे. शिअर फ्लोचे हे बाण त्या खाली जाणाऱ्या शिअरच्या विरुद्ध उभे नाहीत, ते बाण म्हणजेच तो शिअर. वेबमधले 2000 आणि फ्लँजमधले दोन 375, ही तीन बलं मिळून एकच बल आहे. आपल्याला त्या तिघांच्या जागी एकच बल ठेवायचं आहे, त्यांना तोलणारं नाही. तिघांचा मोमेंट घड्याळाच्या उलट, तर त्या एका बलाचाही वेबभोवतीचा मोमेंट घड्याळाच्या उलटच हवा. खाली जाणारं बल वेबच्या डावीकडे ठेवल्याशिवाय तो येत नाही. म्हणून शिअर सेंटर डावीकडे, पाठीच्या बाहेर, जिथे लोखंडच नाही अशा मोकळ्या हवेत.

ज्याला समतोल लिहायचाच आहे त्याने लिहावा, पण मग भार असलेला तुकडा घ्यावा आणि त्याच्या तोंडावरचे तिन्ही बाण उलटवावेत: वेबमध्ये वर, वरच्या फ्लँजमध्ये उजवीकडे. उत्तर पुन्हा पाठीबाहेरच येतं. अर्धे बाण एका तुकड्यावरचे आणि भार दुसऱ्या तुकड्यावरचा, असं केलं की बाजू चुकते. मी मुलांना दोन वेगळ्या रंगांची पेनं वापरायला लावतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये हे मी हाताने दाखवतो. 16 गेजचा पत्रा वाकवून याच मापाचा मीटरभर चॅनेल केला आहे, एक टोक व्हाइसजवळच्या जाड प्लेटला पक्कं वेल्ड. मोकळ्या टोकाला वेबच्या मध्यावर एक आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली, दर 10 मिमीला भोक. टोकावर एक लांब उभी काडी. 10 किलोचं वजन पोटाकडच्या भोकात अडकवलं की काडी पोटाकडे झुकते. वेबच्या रेषेत आणलं की कमी, पण झुकतेच. पाठीबाहेर पहिल्या भोकात त्याहून कमी. दुसऱ्या भोकात, म्हणजे 20 मिमीवर, काडी जवळपास उभी. तिसऱ्यात ती उलट्या बाजूला झुकते. जाडी 5 ऐवजी 1.6 झाली तरी जागा बदलली नाही, कारण सगळीकडे सारखी जाडी असलेल्या चॅनेलसाठी `e = 3b²/(6b+h)`, b फ्लँजची रुंदी, h वेबची उंची, यात जाडीच नाही.

जर्मनीत बाख यांनी 1909 च्या सुमारास चॅनेलवर केलेल्या चाचण्यांत भार सेंट्रॉईडच्या रेषेत असूनही पीळ दिसला होता. कारण नीट मांडलं ते स्विस पूलबांधणीकार मायार यांनी, 1921 मध्ये. तेव्हाच्या कसलेल्या लोकांनाही हे डोळ्याने दिसून लगेच कळलं नव्हतं.

आता त्या ब्रॅकेटचा हिशेब. भार सेंट्रॉईडमध्ये, म्हणजे शिअर सेंटरपासून 12.5 अधिक 18.75, एकूण 31.25 मिमी दूर. पिळणारा मोमेंट 62,500 N·mm. टोक खाली किती गेलं? 2 मिमी. आणि पिळलं किती? जोडाला काटछेद मोकळेपणाने वेडावाकडा होऊ शकत नाही हे धरूनसुद्धा सुमारे 3.4 अंश, म्हणजे फ्लँजची कड वेबपेक्षा 3 मिमी खाली. लेव्हलचा बुडबुडा तेच सांगत होता. त्याहून वाईट ताणाचं. जोडाजवळ नुसत्या वाकण्याने वरच्या फ्लँजमध्ये 60 MPa यायला हवे होते. पिळामुळे फ्लँज आडवाही वाकतो आणि पाठीकडच्या कोपऱ्यात ते सुमारे 107 होतात. वेल्ड तिथेच आहे.

"मग भार वेबच्या रेषेत घेऊ," असं त्या मुलाने सुचवलं. तरी 18.75 मिमीचा फरक उरतो आणि पीळ 2 अंश. मी पाठीला क्लीट लावून घेतलं, भोक वेबच्या मध्यरेषेपासून 19 मिमीवर. अंतर मध्यरेषेपासून मोजायचं, पाठीच्या पृष्ठभागापासून नाही. अडीच मिमीची ही चूक मला विनाकारण छळते. चॅनेलला काही टांगायचं असेल तर पाठीला टांगा, यावर माझं मत पक्कं आहे. जागा असेल तर दोन चॅनेल पोटाला पोट लावून बॉक्स करा. बंद बॉक्स पिळाला इतका दाद देत नाही की हा सगळा प्रश्नच मागे पडतो.

रोल केलेल्या चॅनेलला वरचं सूत्र तसंच लावू नका. त्याचे फ्लँज वेबपेक्षा जाड आणि निमुळते असतात, तिथे `e = b²h²t/(4I)` मध्ये t फ्लँजची सरासरी जाडी घ्या, म्हणजे उत्तर पुरेसं जवळ येतं. आणि एक गोष्ट क्लीटनेही सुटत नाही: चॅनेलचं स्वतःचं वजन सेंट्रॉईडमधूनच जातं. आमच्या मीटरभर ब्रॅकेटला ते आठेक किलो, दुर्लक्ष करता येतं. पाच-सहा मीटरच्या पर्लिनला छताचा पत्रा किंवा सॅग रॉड नसेल, तर उभारणीच्या वेळीच तो पोटाकडे झुकलेला दिसतो.