गीझर पेटतो आणि दहा सेकंदांत विझतो

जानेवारीतल्या एका सकाळी मावशीचा फोन आला. ती नागपुरात एका तीन मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहते. "गीझर पेटते न् दहा सेकंदात विझून जाते, काहून रे? सहाला उठून आंघोळ केली तर चालते, साडेआठला नाही चालत." सिलिंडर नवा होता, सेल नवे होते, आणि मेकॅनिक एकदा येऊन "गॅसचा प्रॉब्लेम" म्हणून गेला होता. मला मात्र तिच्या दुसऱ्या वाक्यात उत्तर दिसलं. गॅसला सहा काय आणि साडेआठ काय, सारखंच. तेवढ्या वेळात बदलते ती गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी.

गॅस गीझर नळ उघडताच पेटतो, पण नळ उघडल्याचं त्याला कळतं कसं? पाणी आत शिरतं तिथे पितळेची एक चपटी डबी असते आणि तिच्या मधोमध रबराचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम. वाहतं पाणी एका अरुंद वाटेतून जातं. तिथे त्याचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि तो कमी दाब पडद्याच्या एका बाजूला पोचतो. दुसऱ्या बाजूला टाकीकडून येणाऱ्या पाण्याचा पूर्ण दाब असतो. या फरकामुळे पडदा सरकतो, त्याला जोडलेली पिन पुढे येते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडते आणि एका छोट्या स्विचला दाबते. मग टक टक टक करत ठिणगी पडते. पाणी थांबलं की पडदा मागे येतो आणि गॅस बंद होतो.

या रचनेत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पडद्यावरचा जोर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. प्रवाह निम्मा झाला तर जोर निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. प्रवाह तीस टक्के घटला तरी जोर निम्मा उरतो. म्हणून डोळ्यांना "पाणी तर येतंय की" असं वाटत असताना गीझरला ते पुरत नाही. बहुतेक घरगुती गीझरांना मिनिटाला साधारण अडीच लिटर तरी लागतात.

मावशीकडे गेल्यावर आधी शॉवर बाजूला ठेवला. गरम पाण्याचा नळ थेट बादलीत पूर्ण उघडला, थंड पाणी बंद ठेवलं. गीझर पेटला आणि पेटलेलाच राहिला. म्हणजे गॅस, ठिणगी, सेल सगळं ठीक. मग एक लिटरचा जग आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेतलं. नळातून जग १५ सेकंदांत भरला, म्हणजे मिनिटाला चार लिटर. शॉवरमधून २४ सेकंद लागले, म्हणजे अडीच लिटर. अगदी काठावर.

आता पातळीचा हिशेब. टाकीतलं पाणी गीझरच्या वर अडीच मीटर उंचीवर असेल तर पडद्यावरचा जोर साधारण त्या उंचीच्या प्रमाणात असतो. सकाळभर खालचे लोक पाणी वापरतात, पातळी एक मीटरने उतरते, आणि जोर चाळीस टक्क्यांनी घटतो. खालच्या मजल्यावर टाकी आठ-नऊ मीटर वर असते, तिथे एक मीटरने फारसं बिघडत नाही. हा त्रास वरच्या मजल्याचाच.

पण दहा सेकंदांचं काय? गीझर पेटत तर होता. इथे मावशीला मी नेहमीसारखं करायला सांगितलं. तिने गरम नळ उघडला, पाणी चटका बसेल इतकं गरम आलं, म्हणून तिने मिक्सरमधून थंड पाणी सोडलं, आणि ज्योत गेली.

सहा लिटरचा गीझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा. तीच उष्णता अडीच लिटरला दिली तर पाणी ६० अंशांनी तापतं. टाकीतलं पाणी हिवाळ्यात १५ अंश धरलं तर नळाला ७५ अंश. माणूस साहजिकच थंड पाणी मिसळतो. पण मिक्सरमध्ये थंड पाणी जोराने शिरलं की तिथला दाब वाढतो आणि गीझरमधून येणाऱ्या पाण्याला अडवतो. गीझरमधला प्रवाह अडीच लिटरच्या खाली जातो आणि पडदा मागे सरकतो. प्रवाह कमी म्हणून पाणी जास्त गरम, म्हणून थंड सोडायचं, म्हणून प्रवाह आणखी कमी. पाणी गरम झालं तर गॅसची खुंटी कमी करायची, थंड नळाला हात लावायचा नाही.

गीझरच्या पाण्याच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. पाणी आणि गॅस दोन्ही बंद करून ती काढली तर तिच्यात वाळू आणि पांढऱ्या क्षाराचे कण अडकलेले होते. नागपुरात बोअरचं पाणी टाकीत मिसळणाऱ्या इमारतींत हे क्षार शॉवरच्या छिद्रांतही बसतात. जाळी धुतली, शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला.

सगळ्या गीझरांचा दोष पाण्यातच असतो असं नाही. बादलीत जोरात पाणी सोडूनही ज्योत दर वेळी तीन-चार सेकंदांनी विझत असेल तर बर्नरजवळची ज्योत ओळखणारी कांडी बघावी लागते. ज्योतीतून अतिशय बारीक वीजप्रवाह वाहू शकतो, तो मिळाला तरच गीझरचा कंट्रोल गॅस चालू ठेवतो. कांडीवर काजळी बसली किंवा ती वाकून ज्योतीबाहेर गेली की ज्योत असूनही कंट्रोलला ती "दिसत" नाही. जुन्या, पायलट ज्योतीच्या गीझरात हेच काम थर्मोकपल करतो. बटण दाबून धरलं तोवर पायलट जळतो आणि सोडताच विझतो, तर त्याचं टोक ज्योतीत नाही, त्याचा नट सैल आहे किंवा तो संपला आहे. तो जेमतेम २०-३० मिलिव्होल्ट तयार करतो, त्यामुळे सांध्यावरचा थोडा गंजही पुरतो. टक टक मंद ऐकू आली तर सेल बदला. पाणी भरपूर असूनही टक टक होतच नसेल आणि सेल नवे असतील, तर पडदा बहुधा फाटलेला किंवा क्षाराने कडक झालेला असतो. पडदा मेकॅनिकने बदलायचा.

काही जण मात्र तो छोटा स्विच किंवा पिन कायमची दाबून ठेवायचा "जुगाड" करून देतात. तो अजिबात करू देऊ नका. पडदा हाच तिथला पहारेकरी आहे. पाणी थांबलं आणि बर्नर जळत राहिला तर आतली तांब्याची नळी कोरडी तापून फुटते. गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर हलवायचाच, कारण बंद जागेत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. दोन-तीनदा पेटला नाही तर खिडकी उघडून पाच मिनिटं थांबायचं, मगच पुन्हा प्रयत्न करायचा.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा जग लावला. शॉवरमधून तो १७ सेकंदांत भरला, म्हणजे मिनिटाला साडेतीन लिटर. पडद्यावरचा जोर जवळपास दुप्पट झाला होता. गॅसची खुंटी दोन-तृतीयांशावर ठेवली, तेव्हा हिशेबाने पाणी ४३ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे थंड नळाची गरजच उरत नाही. उन्हाळ्यात टाकीतली पातळी आणखी खाली जाईल, म्हणून इमारतीच्या बैठकीत मावशी टाकीखालचा ओटा एक मीटर उंच करायचा विषय काढणार आहे. वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या घरातल्या काकूंनी त्यासाठी जग आणि स्टॉपवॉच मागून नेलं आहे.