कापलेला रकाना पानातच असतो

गणपतीच्या आठवडाभर आधी तालमीचा एक कार्यकर्ता माझ्या डीटीपीच्या टेबलाशी आला. वर्गणीच्या यादीची पाच पानी पीडीएफ होती, ए-फोर आकाराची: अनुक्रम, नाव, रक्कम आणि उजव्या कडेला मोबाईल नंबर. "ताई, नंबरचा रकाना कापून मीच काल ग्रुपवर टाकली. पण एकानं सगळे नंबर काढून मलाच परत पाठवले. हे कसं काय?"

त्याच्या फाईलमध्ये काय झालंय ते एका कमांडने दिसलं.

```
pdfinfo -box yadi.pdf
MediaBox: 0.00 0.00 595.28 841.89
CropBox:  0.00 0.00 481.89 841.89
```

पीडीएफच्या प्रत्येक पानाला मीडियाबॉक्स असावाच लागतो. तो म्हणजे अख्खा कागद. क्रॉपबॉक्स म्हणजे त्या कागदाचा डोळ्यांना दाखवायचा भाग. तो दिलेला नसेल तर मीडियाबॉक्सच क्रॉपबॉक्स धरला जातो. चार आकड्यांपैकी पहिले दोन खालचा डावा कोपरा सांगतात, नंतरचे दोन वरचा उजवा. एकक पॉइंटचं, म्हणजे इंचाचा ७२वा भाग. ५९५.२८ पॉइंट म्हणजे २१० मिलिमीटर, ए-फोरची रुंदी. ४८१.८९ म्हणजे १७० मिलिमीटर. त्याने उजवीकडचे ४० मिलिमीटर झाकले होते, पण कापले नव्हते.

महाद्वार रोडवर फोटो फ्रेम करून देणारे फोटोवर खिडकी पाडलेला पुठ्ठा ठेवतात, तसं हे आहे. खिडकीबाहेरचा फोटो पुठ्ठ्याखाली शाबूत असतो. अ‍ॅक्रोबॅटचं क्रॉपचं साधन असाच पुठ्ठा ठेवतं. म्हणून त्याच डायलॉगमधलं "Set to Zero" बटण दाबलं की सगळं पान पुन्हा समोर येतं. क्रॉप करूनही फाईलचा आकार जवळपास तेवढाच राहिला, तर आत काहीच कमी झालेलं नाही, हे ओळखायची ती एक साधी खूण.

ग्रुपवरच्या माणसाला तर बटणही लागलं नसणार. पानातला मजकूर काढणारी `pdftotext` ही कमांड एरवी क्रॉपबॉक्सची पर्वा करत नाही. मी ती त्याच्यासमोर चालवली आणि नावापुढे रक्कम, रकमेपुढे दहा आकडी नंबर असा पूर्ण रकाना खाली उतरला. पोरगा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

मग त्याने विचारलं, "मग मीडियाबॉक्सच लहान केला तर?" प्रश्न योग्य होता. तसं केलं की बहुतेक प्रोग्रॅम बाहेरचा भाग दाखवत नाहीत, पण नंबर लिहिण्याच्या सूचना पानाच्या मजकुरात तशाच राहतात. मीडियाबॉक्स हीसुद्धा चौकटच आहे. आकडे बदलून कागद लहान दिसतो, त्यावरची शाई पुसली जात नाही.

खरं कापायचं तर दोन मार्ग आहेत. सगळ्यात चांगला म्हणजे मूळ एक्सेलमध्ये जाऊन तो रकाना पुसायचा आणि नवी पीडीएफ काढायची. मूळ फाईल नसेल, तर क्रॉपबॉक्सपुरतंच पानाचं चित्र काढायचं.

```
pdftoppm -cropbox -r 300 -png yadi.pdf paan
```

`-cropbox` विसरलात तर चित्र मीडियाबॉक्सचं निघतं, म्हणजे नंबरांसकट. तीनशे डीपीआयला १७० मिलिमीटर रुंदीचे साधारण २००८ ठिपके यायला हवेत. २४८१ आले तर पूर्ण ए-फोर निघालं आहे. ही चित्रं पुन्हा जोडून पीडीएफ केली की बाहेरचं काही उरत नाही. तोटा एवढाच की नाव शोधता येत नाही आणि फाईल बरीच जड होते. पाच पानांच्या यादीला हे चालून जातं, दोनशे पानांच्या स्मरणिकेला मी असं कधी करणार नाही.

आडव्या पानांच्या याद्यांत मी एकदा चांगलीच अडकले होते. काही फाईलींत पान उभंच असतं आणि "हे ९० अंश फिरवून दाखव" एवढी सूचना सोबत लिहिलेली असते. चौकटीचे आकडे मात्र न फिरवलेल्या पानाचे धरले जातात. त्यामुळे पडद्यावर उजवी दिसणारी कड ही खरी वरची असते. हाताने आकडे लिहिताना तिथे रुंदी कमी केली तर नंबर जागच्या जागी राहतात आणि दुसऱ्याच बाजूचा मजकूर गायब होतो. कमी करायचा असतो तो चौथा आकडा.

त्या पोराकडे मूळ एक्सेल फाईल होती, भावाच्या फोनमध्ये. ती मागवून घेतली, रकाना पुसला, नवी पीडीएफ काढली. मग तिच्यावर पुन्हा `pdftotext` चालवलं. नावं आणि रकमा आल्या, दहा आकडी एकही ओळ आली नाही. मगच त्याने ती ग्रुपवर टाकली आणि आधीची पोस्ट तिथेच उभ्या-उभ्या डिलीट केली. कुणी आधीच उतरवून घेतलेल्या प्रतींवर मात्र आता काही इलाज नव्हता.