खड्ड्याच्या तळाखाली शीट पाइल किती रोवावी?

वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या काठाजवळ, सांडपाण्याच्या वाहिनीसाठी ३ मीटर खोल चर खणायचा आहे आणि त्याची बाजू पोलादी शीट पाइलने, म्हणजे जमिनीत उभ्या ठोकलेल्या आणि एकमेकांत अडकलेल्या पत्र्यांच्या भिंतीने, धरायची आहे, असे समजू. आत आडवे टेके दिले तर यंत्राला वावरायला जागा उरत नाही, म्हणून भिंत फक्त जमिनीत रुतलेल्या भागाच्या जोरावर उभी ठेवायची आहे. अशा वेळी चराच्या तळाखाली पाइल किती खोल न्यावी, हा एकच प्रश्न निर्णायक ठरतो.

उत्तर मातीच्या दाबाच्या दोन त्रिकोणांत आहे. भिंत चराकडे किंचित झुकली की मागची माती सैल होऊन तिला ढकलते, हा सक्रिय दाब. समोरची तळाखालची माती मात्र दाबली जाऊन विरोध करते, हा निष्क्रिय दाब. विल्यम रँकिन यांनी १८५७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार दोन्ही दाब खोलीच्या प्रमाणात वाढतात. वाळूच्या कणांमधले घर्षण दाखवणारा घर्षणकोन ३० अंश धरला, तर मातीच्या उभ्या दाबाच्या किती पट आडवा दाब येतो ते सांगणारा सक्रिय गुणांक Ka १/३ आणि निष्क्रिय गुणांक Kp ३ येतो, म्हणजे त्याच खोलीवरचा विरोध ढकलण्याच्या नऊपट. तरीही सक्रिय त्रिकोण जमिनीच्या पृष्ठभागापासून सुरू होतो आणि निष्क्रिय त्रिकोण चराच्या तळापासून, त्यामुळे हा नऊपटीचा फायदा बराचसा खर्च होतो.

झुकणारी भिंत तळाखाली d अंतरावरील एका बिंदूभोवती फिरते, असे मानून त्या बिंदूभोवती आघूर्णे, म्हणजे बल गुणिले अंतर, समान ठेवायची. त्रिकोणाचे क्षेत्रफळ हे बल आणि ते पायथ्यापासून एक तृतीयांश उंचीवर लागते, म्हणून प्रत्येक आघूर्णात उंचीचा घन येतो. चराची खोली H धरली, तर:

Kp · d³ = Ka · (H + d)³

मातीचे वजन दोन्ही बाजूंना सारखे असल्याने ते समीकरणातून गळून पडते. कोरडी, एकजिनसी वाळू हलकी असो वा जड, खोली तीच येते. नऊचे घनमूळ २.०८, म्हणून d = H ÷ १.०८, आणि ३ मीटरच्या चरासाठी ती २.७८ मीटर.

इथे थांबता येत नाही. घनमीटरला १८ किलोन्यूटन वजन धरून बले मोजली, तर भिंतीच्या दर मीटर लांबीमागे विरोध सुमारे २०८ आणि ढकलणारे बल सुमारे १०० किलोन्यूटन निघते. उरलेले १०८ किलोन्यूटन कोणी पेलायचे? फिरण्याच्या बिंदूखाली पाइलचे टोक मागे सरकते आणि तिथे मागची माती उलटा विरोध करते. ते बल निर्माण व्हायला लांबी हवी, म्हणून खोली सुमारे २० टक्क्यांनी वाढवून ३.३३ मीटर करतात. या वाढीव तुकड्याला अनेक जण सुरक्षेची राखीव जागा समजतात, पण तो केवळ समतोल पुरा करतो. सुरक्षा वेगळी घ्यावी लागते. निष्क्रिय गुणांक दीडने भागून २ धरला, तर d ३.६७ मीटर आणि २० टक्के वाढीसह ४.४ मीटर होते. एकूण पाइल ७.४ मीटरची लागते.

ही राखीव जागा किती लवकर संपते ते पाहण्यासारखे आहे. खोदकाम करणाऱ्याने चर अर्धा मीटर जास्त खणला, तर धरायची माती ३.५ मीटर होते आणि रुतलेला भाग ३.९ मीटरच उरतो, म्हणजे भार वाढतो आणि आधारही तेवढाच घटतो. निष्क्रिय गुणांक न घटवता, २० टक्के वाढीसह समतोलाला लागणारी खोली या वेळी ३.८९ मीटर आहे. केवळ सेंटिमीटरभर शिल्लक! म्हणूनच युरोपीय संहिता अशा भिंतींसाठी उंचीच्या १० टक्के, कमाल अर्धा मीटर, जादा खोदकाम आधीच गृहीत धरायला सांगते.

पाण्याचा हिशेब मात्र या समीकरणात बसत नाही, कारण पाण्याचा दाब Ka ने कमी होत नाही. विश्वामित्रीला पूर येऊन, जसा ऑगस्ट २०२४ मध्ये आला होता, भिंतीमागची जमीन वरपर्यंत पाण्याने भरली आणि चर उपसून रिकामा ठेवला, तर तळाच्या वरच्या ३ मीटरमधले बल कोरड्या वाळूच्या २७ वरून सुमारे ६० किलोन्यूटनवर जाते. शिवाय पाणी भिंतीखालून वळून चराच्या तळातून वर झिरपू लागले, तर समोरच्या वाळूचे प्रभावी वजन आणि त्यासोबत तिचा विरोध घटतो. अशा वेळी भिंतीमागे समांतर भेग पडते, पाइलचा माथा चराकडे कलू लागतो आणि तळातून वाळू उसळते. त्यावर उपाय म्हणजे मागचे पाणी आधी उतरवणे, आणि तोवर चरात माती परत भरून तळ वर आणणे.