उष्णता शून्य, तरी एन्ट्रॉपी वाढते: मुक्त प्रसरण आणि पिस्टनचं प्रसरण

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसीला सायन्स घेतलं की इंग्रजी पुस्तकाला भिडतात. सूत्रं पाठ होतात, सूत्रांच्या अटी मागे राहतात. थर्मोडायनॅमिक्सचा धडा आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो: "आत उष्णता आलीच नाही की हो सर, मग एन्ट्रॉपी कशी वाढली?" विचारणारा निदान विचारतो तरी. बाकीचे मुकाट्याने Q = 0, म्हणून ΔS = 0 असं लिहून मोकळे होतात, आणि डिग्रीच्या वर्गातही तेच लिहीत राहतात.

गोंधळ दोन प्रसरणांचा आहे. पहिलं तुम्हाला नीट येतं. उष्णतारोधक सिलिंडर, त्यात वायू, वर हवाबंद पण घर्षणाशिवाय सरकणारा पिस्टन. पिस्टनवरचा भार अगदी थोडा थोडा कमी करत न्यायचा, वायू पिस्टन ढकलत पसरतो, काम करतो आणि थंड होतो. हे रिव्हर्सिबल अ‍ॅडियाबॅटिक प्रसरण. PV^γ स्थिर, ΔS शून्य. यावर जास्त बोलत नाही.

दुसरं म्हणजे मुक्त प्रसरण. तसंच उष्णतारोधक भांडं, मधे पडदा, एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला निर्वात. पडदा काढला की वायू सगळीकडे पसरतो. समोर ढकलायला काहीच नाही, म्हणून काम शून्य. उष्णताही शून्य. म्हणून आंतरिक ऊर्जा तेवढीच, आणि आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून असल्यामुळे शेवटचं तापमानही तेवढंच.

दोन्हीकडे Q शून्य. एकात एन्ट्रॉपी तशीच राहते, दुसऱ्यात वाढते. का, एवढाच खरा प्रश्न आहे.

एन्ट्रॉपीची व्याख्या अशी: dS = dQ_rev / T. यातला rev गाळून लिहिलेलं सूत्र मला वहीत अजिबात चालत नाही. तो rev सांगतो की भागाकारात घ्यायची उष्णता प्रत्यक्षात घडलेल्या प्रक्रियेतली असेलच असं नाही. तीच सुरुवात आणि तोच शेवट जोडणाऱ्या एखाद्या रिव्हर्सिबल वाटेवर जेवढी उष्णता द्यावी लागली असती, ती इथे घ्यायची. प्रत्यक्ष प्रक्रिया स्वतःच रिव्हर्सिबल असेल तर दोन्ही एकच. पिस्टनच्या बाबतीत तसं आहे, म्हणून तिथे Q = 0 वरून ΔS = 0 म्हणता येतं. मुक्त प्रसरण रिव्हर्सिबल नाही, म्हणून तिथला Q या सूत्रात घालताच येत नाही.

पण नियम सांगून हा गोंधळ जात नाही, कारण त्याचं मूळ आणखी खोल आहे. मुलांना ऊर्जेचा हिशोब सवयीचा झालेला असतो. आत काही आलं नाही, बाहेर काही गेलं नाही, तर आतली ऊर्जा तेवढीच. हे बरोबर आहे, कारण ऊर्जा अक्षय आहे. तीच सवय एन्ट्रॉपीला लावली जाते, आणि एन्ट्रॉपी अक्षय नाही. तिच्यातल्या बदलाचे दोन भाग असतात: भिंतीतून उष्णतेबरोबर आत आलेला आणि आतल्या आत निर्माण झालेला. भिंत उष्णतारोधक आहे याचा अर्थ एवढाच की पहिला भाग शून्य आहे. दुसऱ्या भागाबद्दल भिंत काहीच सांगत नाही. तो शून्य किंवा धन असू शकतो, ऋण मात्र कधीच नाही. पिस्टन सावकाश सरकतो तेव्हा वायू पूर्णवेळ समतोलात असतो आणि दुसरा भागही शून्य राहतो. पडदा काढल्यावर मात्र सगळी वाढ या दुसऱ्या भागातूनच येते.

ती आत नेमकी कुठे निर्माण होते हे ज्यूलच्या १८४५ च्या प्रयोगात दिसतं. त्याने तांब्याच्या एका भांड्यात सुमारे २२ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाची हवा भरली, दुसरं भांडं निर्वात केलं, दोन्ही पाण्यात ठेवली आणि मधला कॉक उघडला. पाण्याच्या तापमानात त्याला फरक सापडला नाही. पुस्तकं इथे थांबतात. मला त्याचा पुढचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात त्याने दोन्ही भांडी वेगवेगळ्या पाण्यात ठेवली. जे भांडं रिकामं होत होतं त्याच्याकडचं पाणी थंड झालं आणि जे भरत होतं त्याच्याकडचं गरम. म्हणजे मधल्या काळात आत शांतता नसते. मागे राहिलेला वायू पसरताना पुढच्याला ढकलतो आणि थंड होतो. पुढचा वायू झोतासारखा दुसऱ्या भांड्यात घुसतो, तिथे आपटतो, घुसळतो आणि त्या झोताची गती रेणूंच्या सैरावैरा गतीत विरून जाते. पिस्टनने जे काम बाहेर काढून घेतलं असतं, ते इथे आतच जिरतं.

आता आकडे घालून बघू. १ मोल आरगॉन, ३०० केल्व्हिन, २५ लिटर. दाब साधारण १ बार. आकारमान दुप्पट होऊन ५० लिटर.

पिस्टनने नेलं तर आरगॉनचा γ ५/३ असल्यामुळे तापमान १८९ केल्व्हिनपर्यंत उतरतं आणि बाहेर १३८४ ज्यूल काम मिळतं. पडदा काढून नेलं तर तापमान ३०० केल्व्हिनच, काम शून्य. म्हणजे एकाच ठिकाणाहून निघून, दोन्हीकडे ५० लिटर असूनही, वायू दोन वेगळ्या अवस्थांत पोहोचतो. एन्ट्रॉपी अवस्थेवर ठरते, मग दोन्हींचा ΔS सारखा असण्याचं कारणच उरत नाही.

मुक्त प्रसरणाचा ΔS काढायला ३०० केल्व्हिन २५ लिटर आणि ३०० केल्व्हिन ५० लिटर यांना जोडणारी एखादी रिव्हर्सिबल वाट हवी. नेहमीची वाट आयसोथर्मल. वायूला ३०० केल्व्हिनच्या साठ्याला टेकवून पिस्टन सावकाश वर जाऊ द्यायचा. त्यात RT ln 2, म्हणजे १७२९ ज्यूल उष्णता आत घ्यावी लागते. तिला ३०० ने भागलं की ५.७६ ज्यूल प्रति केल्व्हिन.

इथे विद्यार्थी शंका काढतो, आणि त्याची शंका रास्त आहे: "ही वाट तुम्ही मनाने निवडली, वायू तिथून गेलाच नाही." बरं, मग दुसरी निवडू. आधी पिस्टनने सावकाश ५० लिटरपर्यंत न्या, वायू १८९ केल्व्हिनला येईल, एन्ट्रॉपी बदलणार नाही. मग पिस्टन अडकवून टाका आणि स्थिर आकारमानावर, क्षणोक्षणी वायूएवढ्याच तापमानाच्या साठ्यातून, हळूहळू ३०० केल्व्हिनपर्यंत तापवा. या वाटेवर उष्णता १७२९ नाही, फक्त १३८४ ज्यूल लागते. पण ती कमी तापमानांना दिली जाते, म्हणून तुकड्यातुकड्याने भागून बेरीज केली, म्हणजे C_v ln(300/189), की उत्तर पुन्हा ५.७६. उष्णता वेगळी, एन्ट्रॉपीचा फरक तोच. माझ्या मते फळ्यावर ही दुसरी वाट करून दाखवल्याशिवाय हा विषय शिकवूच नये, कारण दोन्ही प्रसरणांतलं अंतर तिच्यात उघडं पडतं: पिस्टनने बाहेर नेलेले १३८४ ज्यूल उष्णतेच्या रूपाने परत घातले की वायू मुक्त प्रसरणाच्या शेवटच्या अवस्थेत येतो.

वाढ खरी आहे का, हे तपासायचं असेल तर वायू पहिल्या जागी नेऊन बघा. ३०० केल्व्हिनला ठेवून सावकाश दाबत २५ लिटरपर्यंत आणायला किमान १७२९ ज्यूल काम घालावं लागतं, आणि तेवढीच उष्णता आजूबाजूला सोडावी लागते. वायू पूर्ववत झाला, पण आजूबाजूची एन्ट्रॉपी ५.७६ ने वाढून बसली.

रेणूंच्या पातळीवर सांगायचं तर प्रत्येक अणूला असायला दुप्पट जागा मिळाली, N अणूंना २^N पट शक्यता, आणि k ln 2^N म्हणजे एका मोलसाठी R ln 2. पिस्टनच्या प्रसरणातही जागा दुप्पटच होते, पण तिथे अणू मंदावतात आणि वेगांच्या शक्यता नेमक्या तेवढ्याच पटीने आकसतात. मुक्त प्रसरणात वेग तसेच राहतात.

आणखी दोन गोष्टी मला खटकतात. पहिली, मुक्त प्रसरण दाखवायला PV आलेखावर काढलेली वक्ररेषा. अधल्यामधल्या क्षणी आत एकच दाब नसतो, एकच तापमान नसतं, मग बिंदू ठेवणार कुठे? आलेखावर दोनच बिंदू काढावेत, मधे काही नाही. दुसरी, पंक्चरवाल्याकडे टायरची हवा सोडताना व्हॉल्व गार लागतो, हे मुक्त प्रसरणाचं उदाहरण म्हणून देणं. तिथे बाहेर निर्वात नाही, वातावरणाचा दाब आहे, आणि टायरमध्ये मागे राहिलेली हवा बाहेर जाणाऱ्या हवेला ढकलत काम करत असते. तो गारवा पिस्टनच्या प्रसरणाच्या जातीचा आहे. उद्यमबागेतल्या कुठल्याही कारखान्यात कॉम्प्रेसरची टाकी पटकन रिकामी होताना गार पडते, तीही त्याच कारणाने.

हे सगळं आदर्श वायूचं झालं. खऱ्या आरगॉनचे अणू एकमेकांना थोडे ओढतात, त्यामुळे वरच्या उदाहरणात तापमान सुमारे ०.२ केल्व्हिनने उतरेल. ज्यूलला ते दिसलं नाही, कारण वायूच्या मानाने पाणी आणि तांबं खूप जास्त होतं. ५.७६ च्या आकड्याला एवढ्या उताराने फारसा धक्का लागत नाही.

अकरावीच्या पुस्तकात याच विषयावरचा एक प्रश्न आहे: सारख्या आकारमानाचे दोन सिलिंडर, एकात वायू, दुसरा निर्वात, मधला कॉक उघडला. शेवटचा दाब विचारला की निम्मी मुलं सिलिंडर उष्णतारोधक आहेत हे बघून PV^γ लावतात. ते सूत्र रिव्हर्सिबल असतानाच लागू पडतं. तापमान बदललेलं नाही, आकारमान दुप्पट झालं, म्हणून दाब निम्मा. त्याच प्रश्नात मधल्या अवस्था PVT पृष्ठावर येतात का असंही विचारलंय. उत्तर "नाही" असं आहे, आणि ज्याला ते कारणासकट लिहिता येतं तो ΔS शून्य लिहीत नाही.